नाव तेच, वॅट वेगळे

लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानात गेमिंगचे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले असतात. एक सडपातळ, सहज दप्तरात मावेल असा. दुसरा जाडजूड, आणि त्याच्यासोबत विटेएवढा ॲडॅप्टर. दोघांच्याही माहितीच्या कार्डावर ग्राफिक्स चिपचं नाव एकच: आरटीएक्स ४०६०. चिप सारखीच असेल तर हलका लॅपटॉप का घेऊ नये, असं गिऱ्हाइकाला वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मग तो घरी येतो, आणि मित्राच्या जाड लॅपटॉपवर सरसर चालणारा गेम त्याच्याकडे अडखळायला लागतो. आपल्याला भलतीच चिप दिली, अशी त्याची समजूत होते. पण चिप खरोखर तीच असते. फरक असतो तो तिला मिळणाऱ्या विजेत.

लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०६० मध्ये ३०७२ कोअर आणि ८ जीबी मेमरी असते. हे आकडे सगळीकडे सारखेच. मात्र ही चिप किती वीज खाणार, हे ठरवण्याची मुभा एनव्हिडियाने लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला दिली आहे, आणि ती मुभा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत पसरलेली आहे. त्यानुसार चिपचा कमाल वेगही १४७० मेगाहर्ट्झपासून २३७० मेगाहर्ट्झपर्यंत बदलतो. हे दोन्ही आकडे एनव्हिडियाच्याच तपशीलपत्रकातले आहेत. म्हणजे एका नावाखाली प्रत्यक्षात अनेक वेगवेगळ्या ताकदीच्या वस्तू विकल्या जातात. पूर्वी निदान एक खूण होती. २०१७ पासून पातळ लॅपटॉपमधल्या कमी विजेच्या चिपच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ असं शेपूट असायचं. २०२१ मध्ये ३० मालिकेबरोबर ते नावातून गेलं, आणि दुकानातल्या माणसाला फरक ओळखण्याचं साधन उरलं नाही.

वीज कमी झाली की वेग किती पडतो, हे समजायला समोरच्या वाऱ्यात सायकल चालवल्याचं आठवावं. हळू चालवताना त्रास होत नाही. वेग थोडा वाढवला की मात्र पायांवर एकदम जोर येतो. चिपचंही तसंच आहे. तिच्यातले अब्जावधी सूक्ष्म स्विच दर ठोक्याला उघडझाप करतात. ठोके वाढवले की वीज त्याच प्रमाणात वाढते. पण जलद ठोक्यांसाठी व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दोन्ही मिळून शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाट वीज जाते.

वरचेच आकडे पाहा. ३५ वरून ११५ वॅट म्हणजे वीज तिपटीहून जास्त झाली, पण वेग वाढला तो साधारण १.६ पट. तरीही ही तफावत खेळणाऱ्याला चांगलीच जाणवते. सारा भार ग्राफिक्स चिपवर असलेला एखादा गेम २३७० मेगाहर्ट्झला सेकंदाला ६० चित्रं काढत असेल, तर १४७० मेगाहर्ट्झला तो ३७ च्या आसपास येईल. ६० वर हालचाल सलग वाटते, ३७ वर धक्के कळतात. याच हिशोबाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. काही लॅपटॉप प्रोसेसरच्या वाट्याची वीज गरजेनुसार ग्राफिक्सला देऊन १४० वॅटची जाहिरात करतात. ११५ ते १४० या टप्प्यात हाती फारसं लागत नाही, कारण तिथे चिप आपल्या व्होल्टेजच्या मर्यादेलाच टेकलेली असते. त्यापेक्षा ४५ आणि ८० वॅटमधला फरक कितीतरी महत्त्वाचा.

मग सगळेच लॅपटॉप ११५ वॅटचे का बनवत नाहीत? कारण आत गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ग्राफिक्स १०० वॅट आणि प्रोसेसर ४५ वॅट धरला, तर वहीएवढ्या जागेतून १४५ वॅटची उष्णता सतत बाहेर काढायची असते. हे काम तांब्याच्या पोकळ नळ्या करतात. त्यांत हवा काढून किंचित पाणी ठेवलेलं असतं. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाच्या पातळ पत्र्यांपाशी जाऊन पुन्हा पाणी होते, आणि पंखा त्या पत्र्यांची उष्णता बाहेर फेकतो. सडपातळ लॅपटॉपमध्ये नळ्या कमी, पत्रे आखूड आणि पंखे लहान असतात. शिवाय प्रोसेसर आणि ग्राफिक्स बऱ्याचदा त्याच नळ्या वाटून घेतात, त्यामुळे एक तापला की दुसऱ्यालाही झळ लागते.

म्हणून कागदावर ११५ वॅट लिहिलेलं असलं, तरी ते टिकेलच असं नाही. पहिली काही मिनिटं थंड तांबं उष्णता पोटात घेतं आणि सगळं झकास चालतं. मग तापमान चढतं, आणि ठरलेल्या मर्यादेला, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८७ अंशांच्या आसपास, चिप स्वतःच वेग कमी करते. यात खोलीच्या तापमानाचाही वाटा असतो. उष्णता बाहेर पडते ती चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ६२ अंशांचा. नागपुरात मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेली तर ४९ चा. म्हणजे जो लॅपटॉप डिसेंबरात १४५ वॅट बाहेर फेकायचा, तो मे महिन्यात जेमतेम ११५ फेकेल. यंत्रात बिघाड काहीच नसतो.

आपल्या लॅपटॉपला नेमकं काय अडवतंय, हे घरीच पाहता येतं. चार्जर लावून गेम सुरू करावा आणि विंडोजच्या टर्मिनलमध्ये ही ओळ द्यावी:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,temperature.gpu,clocks.gr --format=csv -l 5
```

दर पाच सेकंदांनी वॅट, तापमान आणि वेग असे तीन आकडे येत राहतात. अर्धा तास खेळून मग ते वाचावेत. वॅट सुरुवातीपासून एकाच आकड्यावर अडलेले, पण तापमान सत्तरीतच असेल, तर मर्यादा कंपनीने घातलेली आहे. लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘परफॉर्मन्स’ मोड निवडून ती थोडी वाढते का, तेवढं पाहावं. त्यापुढे फारसं करता येत नाही. वॅट हळूहळू घसरत गेले आणि तापमान मर्यादेला चिकटून राहिलं, तर अडचण थंडाव्याची आहे. तिथे उपाय असतो. पत्र्यांत साचलेली धूळ काढून घ्यावी, जुनी थर्मल पेस्ट बदलावी, लॅपटॉपची मागची बाजू बोटभर उचलावी, आणि गादीवर ठेवून खेळू नये, कारण हवा खालूनच आत जाते. वॅट आणि तापमान दोन्ही कमी असूनही गेम अडखळत असेल, तर ग्राफिक्स चिप बहुधा प्रोसेसरची किंवा रॅमची वाट पाहत आहे.

खरेदीच्या वेळी हे आधीच तपासता येतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ग्राफिक्सची कमाल वीज वॅटमध्ये लिहिलेली असते. ॲडॅप्टरही खोटं बोलत नाही. त्यावर १०० वॅट छापलेले असतील, तर स्क्रीन आणि प्रोसेसरचा वाटा वजा जाता ग्राफिक्सला ११५ वॅट सतत मिळणं शक्य नाही. आणि दुकानदार तयार असेल, तर गेम वीस मिनिटं चालू ठेवायला सांगावं. पहिल्या मिनिटाला दिसणारा वेग तांब्याच्या थंडपणाचा असतो. विसाव्या मिनिटाला जो उरतो, त्याच्याशीच आपल्याला पुढची तीन-चार वर्षं खेळायचं असतं.