अपडेटमध्ये नेमकं काय बदललं?

अ‍ॅपच्या अपडेटसोबत येणारी टीप मुळात प्रोग्रामरच्या नोंदींतून तयार होते. `fix null check in date picker` ही ओळ वापरणाऱ्याला काय सांगणार? ‘दुरुस्त्या’ या मथळ्याखाली ती अशी लिहावी: ‘तारीख न निवडता जतन केल्यास अ‍ॅप बंद पडत असे, आता पडत नाही.’ नवीन सुविधा त्याच्या वर. आवृत्ती बाहेर पडण्याआधीच शिरलेली नि निस्तरलेली चूक मात्र गाळावी. ती कुणी पाहिलेलीच नसते.

खरी कसोटी ‘माहीत असलेल्या अडचणीं’ची. हा भाग लपवायचा मोह होतोच. अडचण कधी येते आणि तोवर काय करायचं, दोन्ही लिहावं: ‘जुन्या फोनवर पावती उघडत नाही, तूर्त संगणकावर उघडा.’ पुढच्या आवृत्तीत ती सुटली, की ओळ तिथून काढून दुरुस्त्यांत टाकायची.