काळ्या डागाखालचे हिरे

आर भाषेच्या ggplot2 पॅकेजमध्ये 53,940 हिऱ्यांची यादी येते. आडव्या अक्षावर कॅरेट, उभ्यावर किंमत घेऊन प्रत्येक हिऱ्याचा ठिपका काढला, की ठिपके एकमेकांवर चढतात आणि पडद्यावर काळा डाग उरतो. त्यात दहा हिरे आहेत की हजार, ते कळत नाही.

alpha = 1/100 दिल्यावर ठिपके जवळजवळ पारदर्शक होतात आणि दाटी असेल तिथेच रंग गडद होतो. मग 1, 1.5 आणि 2 कॅरेटपाशी उभे पट्टे उमटतात: पैलू पाडणारे वजन या आकड्यांखाली जाऊ देत नाहीत. मोठे, एकटेदुकटे हिरे मात्र दिसेनासे होतात.

geom_hex() पृष्ठभाग षटकोनांत विभागून प्रत्येकातले हिरे मोजते आणि संख्येनुसार रंग देते. इथे एकटा हिराही आपला षटकोन राखतो. षटकोन फार मोठे घेतले, तर ते पट्टेच पुसले जातात. म्हणून bins बदलून पाहावे.