सप्टेंबरच्या बिलांतले दोन दर

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले. बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब गेले, ५ आणि १८ हे मुख्य दर उरले आणि मोजक्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा दर आला. बिस्किटं आणि अंगाचा साबण १८ वरून ५ टक्क्यांवर आले. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ वरच राहिली. गिऱ्हाइकासाठी हा बदल एका दिवसात झाला. व्यापाऱ्याच्या हिशेबनिसाला मात्र त्या महिन्यात एकाच बिस्किटाच्या पुड्याची विक्री दोन दरांत मांडावी लागली. दरवार गोषवारा काय कामाचा असतो, ते समजून घ्यायला हा महिना चांगला आहे.

गोषवारा म्हणजे महिनाभरातली सगळी बिलं दरानुसार एकत्र करायची आणि प्रत्येक दरासमोर करपात्र रक्कम आणि कर लिहायचा. विक्रीचा एक तक्ता, खरेदीचा दुसरा. महिन्याचं जीएसटीआर-३बी भरताना विक्रीची एकूण रक्कम आणि एकूण कर द्यावा लागतो, तिथे दराचा रकाना नाही. मग दरवार मांडायचं कशाला? एक तर जीएसटीआर-१ मध्ये ही विभागणी द्यावीच लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकूण बेरजेत लपलेली चूक दरवार तक्त्यात उघडी पडते. १८ टक्क्यांच्या ओळीतला कर करपात्र रकमेच्या १८ टक्के असलाच पाहिजे. ही तपासणी एकूण बेरजेवर करताच येत नाही.

सांगलीतल्या एखाद्या किराणा होलसेल दुकानाचा सप्टेंबर धरू. आकडे नमुन्याचे आहेत. सुटे गहू-तांदूळ ४,००,००० रुपयांचे, त्यांवर कर नाही. साखर, खाद्यतेल, चहा आणि २२ तारखेनंतर विकलेली बिस्किटं व साबण मिळून ५ टक्क्यांत १२,००,००० रुपये, कर ६०,०००. १८ टक्क्यांत ५,००,००० रुपये, कर ९०,०००. यात ३,००,००० धुण्याच्या पावडरीचे आणि २,००,००० म्हणजे २१ तारखेपर्यंत विकलेली बिस्किटं-साबण. वसूल केलेला एकूण कर १,५०,००० रुपये.

आता नेहमी होणारी गफलत पाहा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालाची एक नोंद असते, तिला आयटम मास्टर म्हणतात. २२ तारखेला दुकानदार मास्टरमध्ये बिस्किटांचा दर ५ करतो, आणि ते बरोबरच आहे. पण महिनाअखेरीस कुणी बिलांतून फक्त माल, रक्कम आणि कर एक्सेलमध्ये काढला आणि दर मास्टरमधून जोडला, तर महिनाभराची सगळी बिस्किटं ५ टक्क्यांत जाऊन बसतात. ५ टक्क्यांच्या ओळीत करपात्र रक्कम १४,००,००० दिसते आणि कर ९६,०००. असायला हवा ७०,०००. एक्सेलमध्ये B रकान्यात दर, C मध्ये करपात्र रक्कम आणि D मध्ये बिलांवरचा कर असेल, तर तपासणीचं सूत्र एवढंच:

```
=ROUND(C2*B2/100,2)-D2
```

उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. बिलागणिक पैशांच्या फरकामुळे काही रुपये इकडेतिकडे होतात, ते चालतं. इथे मात्र २६,००० रुपयांचा फरक येतो. आणि तो फरकच चूक कुठे आहे ते सांगतो: जुन्या आणि नव्या दरात १३ टक्क्यांचं अंतर आहे, २६,००० हे २,००,००० चे बरोबर १३ टक्के. म्हणजे दोन लाखांचा माल चुकीच्या ओळीत आलाय.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे बिलावरचा कर न घेता तोही मास्टरच्या दराने नव्याने काढणं. मग प्रत्येक ओळ आतून जुळते, फरक शून्य येतो आणि एकूण कर १,२४,००० दिसतो. गिऱ्हाइकांकडून घेतलेले २६,००० रुपये कागदावरून गायब होतात. हे पकडायचं तर गोषवाऱ्याची बेरीज खातेवहीतल्या कराच्या खात्याशी ताडून पाहावी लागते. दोन्ही तपासण्या हव्यात, एकीने भागत नाही. दर आणि कर दोन्ही बिलाच्या ओळीतूनच घ्यायचे, मालाच्या आजच्या नोंदीतून कधीही नाही.

खरेदीचा तक्ताही तसाच. ५ टक्क्यांत ११,००,००० ची खरेदी, कर ५५,०००. १८ टक्क्यांत ४,५०,००० ची, कर ८१,०००. भरलेला कर १,३६,०००. पण सगळा वजा मिळत नाही. पुरवठादाराने आपलं बिल पोर्टलवर दाखवलं असेल तरच ते महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतं, आणि तिथे दिसेल तेवढीच वजावट घेता येते. आपल्या उदाहरणात १८ टक्क्यांचं ५०,००० रुपयांचं एक बिल तिथे नाही, म्हणून ९,००० रुपये थांबले. मिळाले १,२७,०००. (सुट्या धान्यावर कर नसल्याने दुकानभाड्यासारख्या सामायिक खर्चावरच्या कराचा काही भाग सोडून द्यावा लागतो, इथे तसा खर्च धरलेला नाही.)

शेवटी भरायचे किती? विक्रीतलं १,००,००० रुपयांच्या साखरेचं एक बिल बेळगावच्या दुकानाचं, म्हणजे परराज्यातलं. त्यावर ५,००० रुपये आयजीएसटी. उरलेला १,४५,००० चा कर केंद्र आणि राज्य यांत ७२,५०० असा निम्मा-निम्मा. वजावटीत गुजरातहून आणलेल्या तेलावरचा आयजीएसटी २०,००० आणि बाकी ५३,५०० अधिक ५३,५००. आयजीएसटीची वजावट आधी वापरायची असा नियम आहे: त्यातले ५,००० बेळगावच्या बिलाला गेले, उरलेले १५,००० केंद्र आणि राज्याला ७,५०० प्रमाणे वाटले. दोन्हीकडे ११,५०० उरले, रोख भरणा २३,०००. केंद्राच्या कराची वजावट राज्याच्या कराला चालत नाही, म्हणून ही विभागणी दरवार तक्त्याच्या शेजारीच ठेवलेली बरी.

दरबदलाचं शेपूट पुढच्या महिन्यातही येतं. १५ सप्टेंबरला १८ टक्क्यांनी विकलेली १०,००० रुपयांची बिस्किटं ऑक्टोबरमध्ये परत आली, तर क्रेडिट नोट १८ टक्क्यांनीच काढायची, १,८०० रुपये करासह. ऑक्टोबरच्या गोषवाऱ्यात १८ च्या ओळीत बिस्किटांसमोर उणे रक्कम दिसते आणि नवखा हिशेबनीस ती चूक समजून ५ टक्क्यांत ढकलतो. तसं केलं तर कर ५०० रुपयेच कमी होतो आणि १,३०० रुपये व्यापाऱ्याच्या अंगावर येतात. ही उणे ओळ बरोबर आहे, तिला हात लावू नये.

महिन्याचं जीएसटीआर-१ भरायची मुदत साधारणपणे ११ तारीख, ३बी ची २० तारीख. मधल्या काळात चूक सापडली तर जीएसटीआर-१ए भरून ती दुरुस्त करता येते. म्हणून व्यापाऱ्यांना सांगणं एवढंच: एकूण भरण्याचा आकडा विचारण्याआधी हिशेबनिसाकडून दरवार तक्ता मागून घ्या, आणि तो १० तारखेच्या आत मागा.