हॉर्न ऐकू येतो, पण कुठल्या बाजूने?

गल्लीतून संध्याकाळी फिरायला निघालेल्या आजोबांच्या मागे इलेक्ट्रिक स्कूटर येते. अगदी जवळ आल्यावर चालक हॉर्न वाजवतो. आजोबा दचकतात आणि नेमके स्कूटरच्या वाटेतच सरकतात. ‘‘ओ आजोबा, ऐकू येत नाही का?’’ असे ओरडून चालक निघून जातो. खरे तर हॉर्न त्यांना व्यवस्थित ऐकू आलेला असतो. तो कुठून आला, हे मात्र उमगलेले नसते. शिवाय हॉर्नच्या आधी कानावर पडायला हवा होता तो टायरचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

वयोमानाने येणारा बहिरेपणा सगळ्या आवाजांवर सारखा परिणाम करत नाही. आतल्या कानातील शंखाकृती भागात सूक्ष्म केसपेशी असतात. त्यांपैकी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी सहसा आधी निकामी होतात. त्यामुळे ट्रकची घरघर ऐकू येत राहते. सायकलची घंटी, मागे येणाऱ्या गाडीची बीपबीप, रस्त्यावर घासणाऱ्या टायरची सळसळ पुसट होत जाते. हे वर्षानुवर्षे हळूहळू होत असल्याने, ‘मला तर सगळे ऐकू येते’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो.

याचा रस्त्यावरचा हिशोब मांडून पाहता येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो आणि दहापट झाले की 20 डेसिबलने. समजा, शांत रस्त्यावर चांगल्या कानाला स्कूटरच्या टायरचा आवाज 30 मीटरवरून जाणवतो. त्या पट्टीत ऐकण्याची क्षमता 20 डेसिबलने कमी झाली असेल, तर ढोबळमानाने तोच आवाज 3 मीटरवर आल्यावर जाणवेल. ताशी 30 किलोमीटर वेगाची स्कूटर सेकंदाला सुमारे 8 मीटर कापते. म्हणजे एकाला साडेतीन सेकंद मिळतात, तर दुसऱ्याला अर्धा सेकंदही नाही. युरोपात नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना ताशी 20 किलोमीटरपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज करण्याची सक्ती आहे, ती याच कारणासाठी.

दिशेचे गणित वेगळे आहे. डावी-उजवी बाजू ओळखताना मेंदू दोन कानांची तुलना करतो: आवाज कुठल्या कानात आधी पोहोचला, कुठे मोठा वाटला. एक कान दुसऱ्यापेक्षा बराच अधू असेल तर ही तुलना फसते. आवाज पुढून आला की मागून, हे मात्र कानाच्या पाळीच्या वळणांमुळे उंच पट्टीच्या आवाजात होणाऱ्या बारीक बदलांवरून कळते. म्हातारपणी आधी जाते ती हीच पट्टी.

गाडी चालवणाऱ्यांचे काय? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 62 ते 88 वयाच्या 107 जणांना वाहतुकीसाठी बंद ठेवलेल्या रस्त्यावर गाडी चालवायला लावली. सोबत कानावर पडणाऱ्या किंवा डॅशबोर्डजवळच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज करणे, अशी जोडकामे दिली. मध्यम ते तीव्र बहिरेपणा असलेल्यांचे चालवणे या जोडकामांच्या वेळी इतरांपेक्षा अधिक बिघडले. अंधूक ऐकू येणारे नीट समजून घेण्यात मेंदूची ताकद खर्च होते आणि रस्त्यासाठी कमी उरते, असा त्यामागचा एक तर्क आहे. घरच्यांच्या लक्षात येणारी खूण साधी असते: वळण झाल्यावरही इंडिकेटर टिकटिकत राहतो आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून ऐकू न येणाऱ्याने गाडी चालवूच नये, असे नाही. जपानमध्ये 2008 पासून पूर्ण कर्णबधिर व्यक्तींनाही परवाना मिळू लागला. अट अशी, की रुंद आरसा बसवायचा आणि गाडीवर फुलपाखराचे चिन्ह लावायचे. आपल्याला ऐकू येत नाही हे ठाऊक असल्याने ते चालक आरशावर विसंबतात. उतारवयातला चालक अनेकदा जुन्या सवयीने कानावर विसंबून राहतो.

श्रवणयंत्र उपयोगी पडते, पण त्याच्याही मर्यादा आहेत. दोन्ही कान अधू असताना एकाच कानात यंत्र घातले तर डाव्या-उजव्याचा तोल आणखी बिघडू शकतो. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा मायक्रोफोन पाळीच्या वर असतो, त्यामुळे पुढचे-मागचे कळायला पाळीची मदत मिळत नाही. गोंगाटात समोरच्याचे बोलणे ऐकण्यासाठीचा ‘प्रोग्रॅम’ तर मागचे आवाज मुद्दाम दाबतो. हॉटेलात तो सोयीचा असला, तरी रस्त्यावर अडचणीचा ठरतो. म्हणून यंत्र जुळवून घेताना चालण्यासाठी चहूबाजूंचे आवाज घेणारा वेगळा प्रोग्रॅम ऑडिओलॉजिस्टकडून मागून घ्यावा. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने चालावे, म्हणजे जवळच्या बाजूची वाहने समोरून येतात आणि कानाचे काम डोळ्यांना करता येते.