रेझ्युमेतली व्हिसाची एक ओळ

अमेरिकेत संगणकशास्त्रात एमएस केलेली पुण्याची मुलगी नोकरीसाठी अर्ज करते, तेव्हा फॉर्ममध्ये दोन प्रश्न हमखास येतात. तुम्हाला अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का? आणि आज किंवा पुढे कधी व्हिसासाठी कंपनीच्या स्पॉन्सरशिपची गरज लागेल का?

ती एफ-१ व्हिसावर आहे आणि ‘ओपीटी’चे कार्ड हातात आहे. म्हणजे पहिल्याचे उत्तर ‘हो’. दुसऱ्याचेही ‘हो’च, कारण ओपीटीची मुदत १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४ महिने मिळतात. त्यानंतर सहसा एच-१बी लागतो आणि त्यासाठीचा अर्ज कंपनीनेच करायचा असतो. अनेक जण नकाराच्या भीतीने इथे ‘नाही’ लिहितात. पुढे कागदपत्रे तपासताना ते उघडे पडते आणि हातात आलेली ऑफर जाते.

म्हणून रेझ्युमेत नावाखाली एकच ओळ पुरे: ‘एफ-१ ओपीटी, कामाची परवानगी मे २०२७पर्यंत, २४ महिन्यांच्या मुदतवाढीस पात्र’. मुदतवाढीसाठी कंपनी सरकारच्या ‘ई-व्हेरिफाय’ यंत्रणेत नोंदलेली असावी लागते, हे आधीच पाहावे.

स्थलांतराची तयारी त्याच ओळीला जोडावी, पण ‘कुठेही चालेल’ असे मोघम नको. ‘डॅलस किंवा सिअ‍ॅटलला स्वखर्चाने, तीन आठवड्यांत’ असे लिहिले की भरती करणाऱ्याला हिशेब कळतो. पासपोर्ट किंवा व्हिसाचा क्रमांक मात्र रेझ्युमेत कधीही देऊ नका.