टी-चाचणी का वापरली नाही? पद्धतीच्या परिच्छेदातले उत्तर

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात किती दिवस राहावे लागले, या माहितीचे वितरण बहुधा एका बाजूला झुकलेले असते. बरेच रुग्ण आठवड्याभरात घरी जातात, पण गुंतागुंत झालेल्या एखाद्याचा मुक्काम महिनाभर लांबतो. समजा, सात रुग्णांचे दिवस 3, 4, 5, 6, 7, 9 आणि 36 आहेत. सरासरी 10 येते, पण सातपैकी सहा जण त्याआधीच घरी गेलेले असतात. मध्यक 6 आहे. प्रमाण विचलन सुमारे 11.6, म्हणजे सरासरीहूनही जास्त. जे मोजमाप शून्याखाली जाऊच शकत नाही, त्यात असे आढळले की वितरण झुकलेले आहे हे आलेख न काढताही कळते.

टी-चाचणी दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करते. गट लहान असेल, तर 36 दिवसांचा एकच रुग्ण सरासरी आणि विचलन दोन्ही फुगवतो. मान-व्हिटनी ही नॉनपॅरामेट्रिक चाचणी दोन्ही गटांतील सर्व आकडे चढत्या क्रमाने लावून केवळ त्यांचे क्रमांक पाहते. 36 हा सर्वांत मोठा आकडा असेल, तर त्याच्या जागी 60 आला तरी क्रमांक बदलत नाही.

शोधनिबंधातील परिच्छेदात हे कारण मोजमापाच्या स्वरूपापासून सुरू करून चाचणीपर्यंत न्यावे. उदाहरणार्थ:

‘मुक्कामाचे दिवस शून्याखाली जाऊ शकत नाहीत आणि थोड्या रुग्णांचा मुक्काम फार लांबतो, त्यामुळे वितरण उजवीकडे झुकलेले असेल अशी अपेक्षा होती. आयतालेखांत तसेच दिसले. गटांत अनुक्रमे 24 आणि 26 रुग्ण असल्याने सरासरीवर मोजक्या रुग्णांचा प्रभाव पडला असता. म्हणून दोन स्वतंत्र गटांची तुलना द्विपुच्छ मान-व्हिटनी चाचणीने केली. सार्थकता पातळी 0.05 होती. ही निवड माहिती गोळा करण्यापूर्वीच आराखड्यात नोंदवली होती. मुक्काम मध्यक आणि चतुर्थकांच्या रूपात दिला आहे.’

‘माहिती प्रसामान्य नव्हती’ एवढेच लिहिणे पुरत नाही. शापिरो-विल्क चाचणीचा आधारही तोकडा पडतो. लहान नमुन्यात ती खरा झुकावही हेरू शकत नाही आणि मोठ्या नमुन्यात क्षुल्लक फरकावरही बोट ठेवते. शिवाय गट मोठे असतील, तर झुकाव मध्यम असूनही टी-चाचणी चालते, म्हणून परिच्छेदात नमुन्याचा आकार यावाच लागतो. दोन्ही चाचण्या करून सोयीचे पी-मूल्य देणारी निवडली असेल, तर कारण कितीही नीट लिहिले तरी निष्कर्ष भरवशाचा राहत नाही.

मान-व्हिटनी मध्यकांची तुलना करते, असे सरसकट लिहू नये. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल तरच तसे म्हणता येते. एरवी ती एका गटातील मूल्ये दुसऱ्यापेक्षा मोठी असण्याकडे कल आहे का, एवढेच सांगते. रुग्णालयाला एकूण किती खाटा-दिवस लागतील हा प्रश्न असेल, तर मात्र सरासरीच हवी आणि तिथे ही चाचणी उत्तर देत नाही.