शून्याने न भागता

अकरावी सायन्सच्या वर्गात कॅल्क्युलसचा पहिला तास. गणिताच्या मॅडमनी खडू हातातही घेतला नाही. साऱ्या वर्गाला त्यांनी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नेलं, पिशवीतून एक रबरी चेंडू काढला, कठड्याबाहेर हात धरला आणि चेंडू सोडून दिला. सव्वा सेकंदात तो खाली आपटला आणि उसळला.

"हात सोडल्यापासून बरोबर एक सेकंद झाला, त्या क्षणी चेंडूचा वेग किती होता?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, वेग म्हणजे अंतर भागिले वेळ," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"छान. मग त्या एका क्षणात चेंडूने अंतर किती कापलं? आणि वेळ किती लागला?"

मुलगी गप्प झाली. एका क्षणात अंतर शून्य आणि वेळही शून्य. शून्याला शून्याने भागायचं नसतं, हे तर पाचवी-सहावीपासून मनावर ठसलेलं. पण चेंडूला त्या क्षणी वेग नव्हता असंही कोणी म्हणेना. वर्ग परत बाकांवर येऊन बसला तो ही अडचण घेऊनच. पुढचा सगळा तास तिच्याभोवती फिरला, आणि लिमिट, म्हणजे सीमा, ही कल्पना समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात सापडणार नाही.

सोडलेली वस्तू t सेकंदांत सुमारे ४.९t² मीटर खाली येते. हवेचा विरोध सोडून दिला, तर एका सेकंदात ४.९ मीटर. मॅडमनी क्षणाचा नाद सोडायला सांगितला. क्षणाऐवजी वेळेचा एक छोटा तुकडा घ्या, म्हणाल्या. एक सेकंदापासून १.१ सेकंदापर्यंत चेंडू ४.९ मीटरवरून ५.९२९ मीटरवर पोचतो. म्हणजे ०.१ सेकंदात १.०२९ मीटर, सरासरी वेग सेकंदाला १०.२९ मीटर. तुकडा ०.०१ सेकंदाचा केला की सरासरी ९.८४९ येते. ०.००१ चा केला की ९.८०४९. मुलं वहीत आकडे मांडत होती आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे ९.८ कडे चाललंय!"

चाललंय खरं. पण 'चाललंय' एवढ्यावर गणित थांबत नाही. तुकड्याची लांबी h धरली, तर सरासरी वेगाची मांडणी अशी होते: (९.८h + ४.९h²) ÷ h. दोन्हीकडचा h काटला की उरतं ९.८ + ४.९h. आता h शून्य ठेवला की उत्तर ९.८, सुटलं गणित!

इथेच मॅडमनी खडू खाली ठेवला. "h ने भागलात तेव्हा तो शून्य नव्हता ना? मग पुढच्याच ओळीत तो शून्य कसा झाला?"

हा प्रश्न मुलांना पेचात टाकण्यासाठी काढलेला नव्हता. न्यूटनने नेमकं असंच केलं होतं. तो त्या चिमुकल्या तुकड्याला o म्हणायचा, त्याने भागायचा आणि मग तो सोडून द्यायचा. उत्तरं अचूक यायची. १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली या आयरिश बिशपने 'द अॅनालिस्ट' हे पुस्तक लिहून याच जागेवर बोट ठेवलं: एकच राशी आधी शून्य नाही म्हणायची आणि नंतर शून्य म्हणायची, हा कुठला न्याय? आक्षेप बिनतोड होता.

ही जागा भास्कराचार्यांनाही दिसली होती, त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षं आधी. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त ते सांगतात की, संख्येला शून्याने गुणलं आणि पुढे आणखी क्रिया बाकी असतील, तर लगेच शून्य लिहून मोकळं होऊ नका. पुढे शून्यानेच भागायचं असेल तर ती संख्या तशीच राहते. तिथलं उदाहरण मॅडमनी फळ्यावर घेतलं. एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचाच अर्धा भाग मिळवला, तिपटीने गुणलं, शून्याने भागलं आणि ६३ आले, तर ती संख्या कोणती? उत्तर १४, कारण १४ आणि ७ मिळून २१, त्याची तिप्पट ६३. शून्याच्या जागी h लिहा, की चेंडूच्या गणितातली h काटण्याची पायरीच समोर येते. जाण खोल होती, पण ती पायरी केव्हा चालते आणि केव्हा नाही, हे ठरवणारी व्याख्या अजून व्हायची होती.

ती व्याख्या शिकवण्याच्या गरजेतून पुढे आली, हे आवर्जून सांगायला हवं. कोशीचं १८२१ चं पुस्तक पॅरिसच्या 'एकोल पोलितेक्निक'च्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं. व्याख्येला आजचं काटेकोर रूप देणारा वायरस्ट्रास बर्लिनला प्राध्यापक होण्याआधी कितीतरी वर्षं शाळामास्तर होता. त्याची युक्ती अशी की h शून्य करायचाच नाही. अगदी कधीच नाही.

मॅडमनी ती खेळासारखी मांडली. "माझा दावा आहे की सीमा ९.८ आहे. तुम्ही मला चूक किती चालेल ते सांगा." एकाने सांगितलं, ०.०१. मॅडम म्हणाल्या, "मग h ०.००२ पेक्षा मोठा घेऊ नका. चूक ४.९h, म्हणजे फार तर ०.००९८." दुसरा हट्टाला पेटला: ०.०००१! "मग h ०.००००२ च्या आत." तुम्ही कितीही बारीक अट घाला, तिला पुरेसा h त्यांच्याकडे आहे, आणि तो प्रत्येक वेळी शून्याहून वेगळा आहे. ९.८ सोडून दुसरा कुठलाही आकडा हा खेळ शेवटपर्यंत जिंकू शकत नाही. सीमा म्हणजे एवढंच. त्यात अतिसूक्ष्म राशी नाही की शून्याने भागणं नाही. बर्कलीच्या आक्षेपाला उत्तर मिळालं ते इथे.

एका मुलाने शॉर्टकट सुचवला: h ऐवजी एखादी अतिशय छोटी संख्या घातली तर? मॅडमनी त्याला सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर h साठी दहाचा उणे विसावा घात घालायला लावला. उत्तर आलं ० ! कॅल्क्युलेटर ठरावीक अंकच धरून ठेवतो. १ मध्ये एवढीशी संख्या मिळवली की त्याच्या लेखी १ च उरतो, मग वजाबाकी शून्य आणि वेगही शून्य. छोटी संख्या ही सीमेची जागा घेऊ शकत नाही.

आणि सीमा दर वेळी सापडतेच असंही नाही. मॅडम पुन्हा चेंडूकडे वळल्या. जमिनीला टेकण्याच्या क्षणी त्याचा वेग किती? टेकण्याआधीचे तुकडे घेतले तर सरासरी खालच्या दिशेने सेकंदाला सुमारे १२ मीटरकडे जाते. टेकल्यानंतरचे घेतले तर ती वरच्या दिशेची येते. डावीकडून एक आकडा, उजवीकडून दुसरा. खेळ कोणालाच जिंकता येत नाही, म्हणून त्या क्षणाला वेगच नाही. खरा चेंडू आपटताना किंचित चेपतो आणि काही सहस्रांश सेकंद जमिनीला चिकटून असतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेग भरभर बदलतो, पण तुटत नाही. तुटलेला आलेख ही आपण केलेली सोपी मांडणी आहे, हेही मॅडमनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

पुढे डेरिव्हेटिव्ह येईल, म्हणजे हीच सरासरी वेगाची सीमा. इंटिग्रेशन येईल, म्हणजे अरुंद पट्ट्यांच्या बेरजेची सीमा. सूत्रं पाठ करून दोन्ही प्रकरणांत मार्क पडतात, पण |x| चा शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह विचारला की पाठांतर अडतं. तिथे दोन्ही बाजूंनी जाऊन पाहावंच लागतं, चेंडूसाठी पाहिलं तसं.

तास संपताना मॅडमनी गृहपाठ दिला, तो वाचकांनीही करून पाहावा. चेंडू सोडल्यावर बरोबर अर्ध्या सेकंदाला वेग किती? आणि चूक ०.०५ च्या आत हवी असेल तर h केवढा चालेल? वहीत ४.९ + ४.९h आलं की गाडी रुळावर आहे. h ०.०१ घेतला तर सरासरी ४.९४९ येते, आणि तेवढं पुरतं.